हिरव्या ठिपक्याची हमी किती?

चातुर्मास लागला की नगरच्या बाजारपेठेतील किराणा दुकानांत एक दृश्य हमखास दिसते. पुड्याची किंमत किंवा वजन पाहण्यापूर्वी गिऱ्हाईक तो पुडा उलटासुलटा फिरवते आणि त्यावरील हिरवा ठिपका शोधते. ठिपका सापडला की शंका मिटते आणि पुडा पिशवीत जातो. हिरव्या चौकोनातील त्या एवढ्याशा वर्तुळावर इतक्या घरांनी आपल्या आहारनियमांचा भार टाकलेला आहे. परंतु त्या ठिपक्याने नेमके काय कबूल केले आहे आणि काय कबूल केलेलेच नाही, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, ही चौकशी करण्यास विशेष कारण आहे. कडक आहारनियम पाळणाऱ्यांच्या दोन मोठ्या परंपरा येथे शेजारी शेजारी नांदतात. स्थानकवासी जैन समाजाचे आचार्य आनंदऋषी यांचा जन्म याच जिल्ह्यातील चिचोंडी गावचा, आणि १९९२ साली त्यांचे देहावसान झाले तेही नगर येथेच. दुसरीकडे ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या भूमीत गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी घरोघर आहे. जैन श्रावक व माळकरी वारकरी हे दोघेही शाकाहारी, दोघेही एकाच दुकानात जाणारे आणि एकाच ठिपक्यावर विसंबणारे. मात्र दोघांचे व्रत एक नाही. माळकऱ्याच्या देवघरात पंचामृताला मध लागतो, आणि जैन श्रावकाच्या व्रतात तोच मध वर्ज्य ठरतो. मग एकच ठिपका या दोघांनाही सारखीच हमी कशी देणार?

या प्रश्नाचे उत्तर असे की, तो तशी हमी देतच नाही. हिरवा ठिपका ही कायद्याने आखलेली एक रेघ आहे. व्रताची रेघ कोठे काही अंतर तिच्याबरोबर चालते, तर कोठे तिला सोडून दुसरीकडे वळते. अंडे, जिलेटिन व मध या तीन पदार्थांच्या बाबतीत ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र दिसत नाही.

व्याख्येचा इतिहास

हे चिन्ह फार जुने नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत २००० साली दुरुस्ती झाली आणि मांसाहारी पदार्थाच्या वेष्टनावर तपकिरी चौकोनात तपकिरी वर्तुळ छापणे सक्तीचे झाले. शाकाहारी पदार्थासाठी हिरव्या चिन्हाची सक्ती करणारी दुरुस्ती २००१ च्या डिसेंबरात निघाली. म्हणजे आधी 'हे टाळा' असे सांगणारी खूण आली आणि 'हे चालेल' असे सांगणारी खूण मागाहून आली. पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली हे नियम नव्याने बांधले गेले, आणि २०२० च्या नियमांत तपकिरी वर्तुळाच्या जागी तपकिरी त्रिकोण आला. कारण साधे होते. ज्यांना हिरवा व तपकिरी हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्यांना दोन्ही वर्तुळे सारखीच दिसत. आता निदान आकारावरून तरी भेद कळतो.

चिन्हापेक्षा महत्त्वाची आहे ती त्यामागची व्याख्या. २००० सालच्या व्याख्येनुसार ज्या पदार्थात कोणत्याही प्राण्याचे, पक्ष्याचे किंवा जलचराचे संपूर्ण अथवा आंशिक शरीर, अंडे, किंवा प्राणिज उगमाचा कोणताही पदार्थ घटक म्हणून असेल, तो मांसाहारी ठरतो. या सर्वव्यापी वाक्याला तेव्हा एकच अपवाद होता, तो दूध व दुग्धजन्य पदार्थांचा. शाकाहाराची स्वतंत्र अशी व्याख्या नाही. जे मांसाहारी ठरत नाही ते शाकाहारी, एवढेच नियम सांगतो. पुढे अपवादांची यादी वाढली. दुधाच्या जोडीला मध, मधमाशांचे मेण, लाखेपासून केलेले शेलॅक आणि कार्नोबा मेण हेही तिच्यात आले. यांतील कार्नोबा मेण तर ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे आहे. त्याला प्राणिज पदार्थांच्या अपवादांत का बसवले, हे नियमकर्त्यांनाच ठाऊक.

या व्याख्येत तर्कशास्त्र शोधू जाता हाती निराशा येते. दूध प्राणिज आहे, मध प्राणिज आहे आणि अंडेही प्राणिज आहे. त्यांपैकी दोन हिरव्या बाजूला गेले आणि एक तपकिरी बाजूला राहिले. वस्तुतः ही रेघ या देशातील बहुसंख्य शाकाहारी घरांच्या रूढीने आखली आहे. ज्या स्वयंपाकघरात दूध व मध चालतो आणि अंडे चालत नाही, त्या स्वयंपाकघराचे ते चित्र आहे. रूढीने रेघ आखणे यात गैर काही नाही. मात्र ती रूढी ज्यांची नाही, त्यांना ते कोणी स्पष्टपणे सांगावयास हवे.

अंडे: निश्चित, पण सरधोपट

तिन्ही पदार्थांत ठिपक्याची हमी अंड्याच्या बाबतीत सर्वांत निःसंदिग्ध आहे. केकमध्ये, बिस्किटात किंवा सॅलडवर घालावयाच्या मेयोनीजमध्ये अंडे असेल, तर त्यावर हिरवा ठिपका छापता येत नाही. अंड्याचे प्रमाण किती, हा प्रश्नच नियम विचारीत नाही. तसेच अंडे फलित आहे की अफलित, हेही विचारीत नाही. आजच्या कुक्कुटपालनात अंडी देणाऱ्या कोंबड्या नराविना वाढवल्या जातात आणि त्यांच्या अंड्यातून पिल्लू निघूच शकत नाही, म्हणून अशी अंडी शाकाहारीच मानावीत, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. खुद्द गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत आरोग्यविषयक जे पुस्तक लिहावयास घेतले, त्यात दूध चालणाऱ्याने अफलित अंड्याला हरकत घेण्याचे कारण नाही, असे मत मांडले आहे. युक्तिवाद म्हणून ते खोडणे सोपे नाही. परंतु कायद्याने तो प्रश्न तर्कावर न सोडता रूढीवर सोडला. रूढीची पकड या राज्याने अलीकडेच पाहिली आहे. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय २०२३ च्या नोव्हेंबरात झाला, त्याला विरोध झाला आणि २०२५ च्या जानेवारीत राज्याने त्यासाठीचा निधी थांबवला.

कडक शाकाहाऱ्याला अंड्यापुरता हिरवा ठिपका पुरेसा आहे. पंचाईत होते ती दुसऱ्याच वर्गाची, म्हणजे अंडे खाणाऱ्या पण मांस न खाणाऱ्या माणसाची. त्याच्यापुढे अंड्याचा केक आणि कोंबडीच्या मांसाचे सारण भरलेला पाव हे दोन्ही एकाच तपकिरी चिन्हाखाली येतात. मांसाहारी घटक केवळ अंडेच असल्यास उत्पादकाने तसे चिन्हाशेजारी लिहिले तरी चालेल, अशी नियमात सोय आहे. पण ती ऐच्छिक आहे. लिहिलेच पाहिजे असे बंधन नाही.

याच ठिकाणी एक गोंधळ उडतो, आणि तो उलगडून घेणे आवश्यक आहे. हिरवा ठिपका असलेल्या एखाद्या बिस्किटाच्या पुड्यावर घटकांच्या यादीखाली बारीक अक्षरांत 'यात अंड्याचा अंश असू शकतो' अशा अर्थाची ओळ आढळते. गिऱ्हाईक चमकते. एकाच पुड्यावर शाकाहारी असल्याची खूण आणि अंडे असण्याची शक्यता अशा दोन विसंगत गोष्टी कशा? विसंगती वाटते ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे शेजारी छापल्यामुळे. ठिपका सांगतो तो पदार्थात काय घातले आहे हे. ती बारीक ओळ अंड्याची अथवा शेंगदाण्याची वावडी असलेल्या रुग्णासाठी आहे. त्याच कारखान्यात, त्याच यंत्रावर आधी अंड्याचा माल निघाला असेल, तर त्याचा कण या मालात येऊ शकतो, एवढेच ती सांगते. अंडे प्रत्यक्ष घातले असेल तर 'असू शकतो' असे लिहून भागत नाही, 'आहे' असेच लिहावे लागते. ज्याचे व्रत भांड्याच्या व चुलीच्या सोवळ्यापर्यंत जाते, त्याच्या दृष्टीने मात्र ही ओळ ठिपक्याहून अधिक बोलकी आहे. स्वतंत्र भांडी व स्वतंत्र यंत्रे यांची हमी हिरवा ठिपका देत नाही.

जिलेटिन: सरसाचा सुधारलेला भाऊ

सुतार लाकूड जोडण्यासाठी जो सरस वापरीत, तो जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून होत असे. जिलेटिन हा त्याच सरसाचा शुद्ध केलेला, खाण्याजोगा भाऊ आहे. हाडे बारीक फोडून त्यांतील चरबी काढतात. मग ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात, त्यामुळे त्यांतील चुनखडीसारखी खनिजे विरघळून जातात आणि मऊ, चिवट भाग मागे राहतो. तो चुन्याच्या निवळीत अनेक आठवडे भिजवून, धुऊन, गरम पाण्यात त्याचा अर्क उतरवतात. अर्क गाळून, आटवून, वाळवला की फिकट पिवळ्या रंगाचे, जवळजवळ गंधहीन कण मिळतात. कातड्यापासूनही ते याच धर्तीवर होते. दूध ज्याप्रमाणे जिवंत जनावरापासून मिळते त्याप्रमाणे जिलेटिन मिळत नाही. त्यासाठी मेलेल्या अथवा मारलेल्या जनावराचे शरीरच लागते. त्यामुळे शाकाहाराच्या कोणत्याही रूढीत त्याला जागा नाही.

कायद्यानेही ती दिलेली नाही. जिलेटिन घातलेला पदार्थ हिरवा ठिपका लावू शकत नाही. शिवाय, घटक म्हणून जिलेटिन वापरल्यास ते प्राणिज उगमाचे आहे असे लेबलवर स्पष्ट लिहिण्याचे बंधन आहे. म्हणून मुलांच्या आवडत्या, स्पंजासारख्या मार्शमॅलोच्या दोन पाकिटांपैकी एकावर तपकिरी त्रिकोण व दुसऱ्यावर हिरवा ठिपका दिसला, तर त्यात आश्चर्य नाही. पहिल्यात जिलेटिन असते. दुसऱ्यात त्याचे काम समुद्री शेवाळापासून केलेले अगर, म्हणजे आपल्याकडे चायना ग्रास म्हणतात ते, किंवा फळांच्या सालींतून काढलेले पेक्टिन करते.

घरच्या घरी ओळखण्याचा एक अजमास आहे. जिलेटिनची जेली शरीराच्या उष्णतेलाच वितळू लागते, म्हणून ती जिभेवर विरघळते. चायना ग्रासची जेली वितळण्यास सुमारे ८५ अंश सेल्सिअस तापमान लागते. लग्नाच्या जेवणात किंवा दुकानात सुटी विकली जाणारी जेली कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून पाहिली, तर चायना ग्रासची वडी आकार धरून राहते आणि जिलेटिनची विरघळू लागते. अर्थात हा निर्णायक पुरावा नव्हे. गोळीत साखर, पिष्ट व इतर पदार्थ मिसळलेले असले की हा अजमास फसतो. पण जेथे ठिपकाच नाही अशा सुट्या मालाबाबत तेवढाही आधार उपयोगी पडतो. बेकरीच्या काचेच्या कपाटातील सुटा केक किंवा थाळीतील पुडिंग यांना वेष्टन नसते, आणि वेष्टनावरची खूण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तेथे विचारणे हाच मार्ग उरतो.

जिलेटिनच्या बाबतीत ठिपक्याची आणखी एक मर्यादा औषधाच्या दुकानात दिसते. औषधाची कॅप्सूल ज्या कवचात भरलेली असते, ते बहुधा जिलेटिनचे असते. परंतु औषध हे अन्न नव्हे, आणि म्हणून त्यावर हा ठिपका नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांवरही अशी खूण असावी, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मात्र त्याच दुकानात पोषणपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल अन्नाच्या कायद्याखाली येतात. त्यांचे कवच जिलेटिनचे असेल, तर त्यांवर तपकिरी त्रिकोण हवाच. एकाच फळीवर, एकाच प्रकारच्या कवचातील दोन कॅप्सूल ठेवलेल्या असतात. एक खूण मिरवते आणि दुसरी मूक राहते. खूण नाही म्हणजे आक्षेपार्ह काही नाही, असा समज करून घेणाऱ्याची येथे फसगत होते.

मध: जेथे कायदा व व्रत वेगळे होतात

खरी फारकत होते ती मधाच्या बाबतीत. जैन आचारात मधाचा निषेध अगदी पायाभूत आहे. श्वेतांबर परंपरेत मद्य, मांस, मध व लोणी हे चार महाविगय म्हणून वर्ज्य मानले जातात, आणि दिगंबर परंपरेत श्रावकाच्या मूळ गुणांतच मद्य, मांस व मधु यांचा त्याग सांगितलेला आहे. म्हणजे मध हा मांसाच्या पंक्तीला बसवलेला आहे. त्यामागील कारणही उघड आहे. पोळे पिळून मध काढण्याच्या जुन्या पद्धतीत माशांची अंडी व अळ्या चिरडल्या जात. आता पेटीतील मधमाशांचा मध यंत्राने पोळे फिरवून काढता येतो, आणि पोळे शाबूत राहते. पण आग्या मोहोळाचा मध आजही धूर करून, पोळे कापूनच काढला जातो. बाटलीतील मध यांपैकी कोणत्या मार्गाने आला, हे कोणतीही खूण सांगत नाही.

कायद्याचे म्हणणे दोन वाक्यांत संपते. मधाच्या बाटलीला या चिन्हाच्या सक्तीतून सूट आहे, आणि दुसऱ्या पदार्थात घातलेला मध त्या पदार्थाला मांसाहारी बनवीत नाही. पहिली सूट फारशी त्रासदायक नाही, कारण मधाच्या बाटलीत मध आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. त्रासदायक आहे ती दुसरी. ओटची बिस्किटे, न्याहारीचे पोहे, सुक्यामेव्याच्या वड्या, खोकल्यावरच्या गोळ्या या साऱ्यांत मध असू शकतो, आणि त्या साऱ्यांवर हिरवा ठिपका नियमानुसार योग्यच ठरतो. चातुर्मासात कडक नियम पाळणारी एखादी वृद्ध श्राविका ठिपका पाहून असे बिस्किट तोंडात टाकते, तेव्हा कायदा मोडलेला नसतो, उत्पादकाने खोटे सांगितलेले नसते, दुकानदाराने फसवलेले नसते. तरीही तिचे व्रत मोडलेले असते.

हीच गत शेलॅकची. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर सोडतात, त्यापासून बांगड्यांची लाख होते, आणि तीच शुद्ध करून गोळ्यांवर व चॉकलेटच्या दाण्यांवर चकाकी आणण्यासाठी वापरली जाते. फांद्यांवरून लाख खरवडताना तिच्यात किडेही येतात. घटकांच्या यादीत ती बहुधा ९०४ या क्रमांकाने येते, आणि मधमाशांचे मेण ९०१ या क्रमांकाने. हे दोन क्रमांक ज्याने ध्यानात ठेवले, त्याला ठिपका जे सांगत नाही ते यादीतून कळू शकते. मात्र छोट्या गोळीच्या वेष्टनावर यादीही नसते. शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान वेष्टनाला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. ती यादी मोठ्या डब्यावर वा खोक्यावर असते. बरणीतून एक एक गोळी विकत घेणाऱ्या मुलापर्यंत पोचतो तो फक्त ठिपका.

शाकाहार आणि कडक व्रत यांतील हे अंतर कायद्याच्या लक्षात आलेच नाही, असेही म्हणता येत नाही. २०२२ साली 'व्हीगन' पदार्थांसाठी स्वतंत्र नियम झाले आणि त्यांच्यासाठी वेगळे चिन्ह आले. त्यात दूध, मध व कीटकजन्य पदार्थ हे सारे वर्ज्य आहे. त्या चिन्हाखालील पदार्थात मध नाही, याची खात्री जैन गिऱ्हाइकाला बाळगता येते. पण त्याला दूध चालते, आणि या चिन्हापायी दुधाच्या पदार्थांना मुकावे लागते. शिवाय ते चिन्हही कंदमुळांविषयी काही सांगत नाही. कांदा, लसूण व बटाटा हे हिरव्या ठिपक्याच्या दृष्टीने निर्दोषच आहेत.

शब्दावर चालणारा बाजार

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक मूलभूत अडचण आहे. भाजी घेताना तिचा ताजेपणा डोळ्यांना दिसतो. आंबा गोड की आंबट, हे घेताना नाही तरी खाल्ल्यावर कळते. पण बिस्किटात अंडे होते की नव्हते, गोळीवरची चकाकी कशाची, हे खाल्ल्यानंतरही कळत नाही. विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते गिऱ्हाइकाला कधीच कळणार नाही, अशा वस्तूंचा हा बाजार आहे. जेथे माहिती अशी एकतर्फी असते तेथे चांगला मालही वाईट मालाबरोबर संशयात सापडतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले. हिरवा ठिपका हा त्या संशयावरचा उतारा आहे.

हा उतारा लावतो मात्र उत्पादक स्वतः. प्रत्येक मालाची तपासणी करून ठिपका वाटणारे कोणतेही कार्यालय नाही. खोटी खूण लावल्यास माल चुकीच्या लेबलाचा ठरतो, आणि कायद्यात त्यासाठी तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंड होण्यासाठी आधी खोटेपणा सापडावा लागतो, आणि तो प्रयोगशाळेत सापडेलच असे नाही. वेफर व झटपट शेवयांच्या मसाल्यात चव वाढवण्यासाठी घातला जाणारा ६३१ क्रमांकाचा पदार्थ याचे चांगले उदाहरण आहे. तो मांसापासून व माशांपासून काढता येतो, तसाच टॅपिओकाच्या पिष्टावर किण्वन करूनही बनवता येतो. दोन्हींचे रासायनिक रूप एकच असल्यामुळे वेफरच्या चुऱ्यावरून त्याचा उगम सांगणे अवघड आहे. उगम सांगू शकतो तो कच्चा माल पुरवणाऱ्याचा कागद. याच पदार्थाचा दाखला समोर ठेवून दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरात असे बजावले की, घटक केवळ सांकेतिक क्रमांकाने न देता तो वनस्पतीपासूनचा, प्राण्यापासूनचा की प्रयोगशाळेत बनवलेला, हेही लेबलवर आले पाहिजे, आणि प्रमाण कितीही अल्प असले तरी खूण त्यानुसारच हवी.

काय करावयास हवे

यावर उपाय म्हणून आणखी चार रंगांचे ठिपके काढावेत, अशी सूचना होण्याचा संभव आहे. ती स्वीकारण्याजोगी नाही. खुणा वाढल्या की त्या वाचणारे कमी होतात, आणि पापड, लोणची, चिक्की पुड्यांत भरून विकणाऱ्या बचत गटांवर छपाईचा बोजा मात्र वाढतो. हिरव्या ठिपक्याची व्याख्या बदलून मधाला तपकिरी बाजूला ढकलणेही योग्य होणार नाही. तसे केल्यास पंचामृत घेणाऱ्या माळकऱ्याच्या दृष्टीने ठिपका निरर्थक होईल. एका समाजाची रेघ दुसऱ्यावर लादून हा प्रश्न सुटत नाही.

व्यवहार्य मार्ग अधिक साधा आहे. ठिपका आहे तसाच राहू द्यावा, आणि त्याच्या शेजारी एक लहानशी ओळ सक्तीची करावी. मांसाहारी घटक केवळ अंडेच असेल तर तसे लिहिण्याची आज जी ऐच्छिक सोय आहे, ती बंधनकारक करावी. हिरव्या ठिपक्याच्या पदार्थात मध, मधमाशांचे मेण किंवा लाख असेल, तर तेही ठिपक्याजवळ सरळ शब्दांत लिहिले जावे. लहान गोळीच्या वेष्टनावरही 'मध आहे' एवढे दोन शब्द सहज मावतात. ज्या पदार्थाचा उगम वनस्पती किंवा प्राणी असा दोन्ही असू शकतो, त्याच्या क्रमांकापुढे उगम लिहिण्याची सक्ती नियमाच्या मजकुरातच यावी. उत्पादकाला याची माहिती असतेच, कारण तिच्याविना त्याला आज ठिपकासुद्धा प्रामाणिकपणे लावता येणार नाही. जी माहिती त्याच्या दप्तरात आहे, ती छापण्याचा खर्च फार मोठा असू शकत नाही.

तोवर व्रतस्थ माणसाने ठिपक्याला त्याच्या योग्यतेइतकेच मोल द्यावे. अंडे व जिलेटिन घातलेले नाही, एवढे तो नियमाने सांगतो, आणि तेवढ्यापुरते त्याच्यावर विसंबण्यास हरकत नाही. मध, मेण व लाख यांविषयी तो गप्प आहे. त्यासाठी घटकांची यादी वाचावी लागेल. भांडे व यंत्र वेगळे होते की नाही, हे त्या बारीक ओळीतून अदमासाने कळेल. आणि जेथे यादीच नाही, तेथे विकणाऱ्याला विचारावे लागेल. पुडा फिरवून ठिपका शोधणाऱ्या गिऱ्हाइकाने तो आणखी एकदा फिरवून यादीवर नजर टाकली, तर दुकानात फार वेळ जाणार नाही. पण आपले व्रत कोणाच्या रेघेवर सोपवले आहे, हे त्याला निदान ठाऊक असेल.